दोन किलो डिंक नको, शंभर ग्रॅम पुरे

"ताई, बायकोचं सिझर होऊन २२ दिवस झाले, मुलगी झालीय. सासूबाई दोन आठवडे राहून गेल्या, माझी आई नाही, त्यामुळे आता सगळा किराणा माझ्यावर आहे. सासूबाई जाताना यादी देऊन गेल्यात, त्यात दोन किलो डिंक, एक किलो अळीव, शतावरी कल्प, सैंधव मीठ आणि तूप, भाज्यांमध्ये फक्त दुधी आणि मेथी. आम्ही शाकाहारी, अंडं पण खात नाही. बायकोचं हिमोग्लोबिन ९.२ आहे. बाळ संध्याकाळी खूप रडतं म्हणून सगळे म्हणतात दूध कमी पडतंय, मावशींनी दूध वाढायची पावडर आणि लाडवांचा महागडा बॉक्स सांगितलाय. बाळ जन्मलं तेव्हा २.८ किलो होतं, परवा चेकपला ३.१ भरलं. महिन्याला नक्की काय आणू आणि किती आणू, प्लीज नीट सांगा."

— एक बाबा, पुणे

सगळ्यात आधी ते ३.१ किलो. बाळं जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडी उतरतात, साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनाला येतात आणि तिथून पुढे पहिले तीन महिने रोज अंदाजे २० ते ३० ग्रॅम वाढतात, तुमची मुलगी २२ दिवसांत ३०० ग्रॅम वर आहे म्हणजे ती बरोब्बर चाललीये, तिला दूध पुरतंय. अजून खात्री हवी असेल तर लंगोट मोजा, चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली शू होत असेल तर दूध पोटात जातंय. संध्याकाळचं रडणं आणि सारखं सारखं अंगावर मागणं हे या वयात बऱ्याच बाळांचं असतं, त्यावरून दूध कमी आहे असं ठरवायचं नसतं, आणि त्यावरून खरेदी तर अजिबात करायची नाही.

दूध कशाने वाढतं ते पण सांगते कारण सगळ्या खरेदीचा गोंधळ इथूनच सुरू होतो. बाळ जितक्या वेळा नीट पितं आणि छाती रिकामी होते तितकं पुढचं दूध तयार होतं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे या महिन्यात नॉर्मल आहे. मेथी, शतावरी यांच्यावर काही छोटे अभ्यास झालेत पण निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे कुठलाही लाडू खाल्ला आणि दूध आलं असं गणित नसतं. मग लाडू कशाला, तर तिच्यासाठी. दूध बनवायला तिच्या अंगातून रोज जे जातंय ते भरून काढायला. ती कमी जेवली तरी दूध बहुतेक वेळा येत राहतं, फक्त ते तिच्या साठ्यातून येतं, आणि ९.२ हिमोग्लोबिन आणि पोटावर टाके असलेल्या बाईकडे साठा आधीच कमी आहे. म्हणून यादी बनवताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारा, हे खाऊन हिला काय मिळणार.

आकड्यात सांगायचं तर आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त आणि साधारण १७ ग्रॅम प्रोटीन जास्त सांगितलंय. सहाशे ऐकून लोकांना वाटतं दुप्पट जेवण, तसं नाहीये. एक ज्वारीची भाकरी (१७०), एक मोठा ग्लास दूध (१६०), एक डिंकाचा लाडू (२००) आणि एक छोटी मूठ शेंगदाणे (११५), झालं, सहाशेच्या वरच गेलं. आणि प्रोटीनचं बघा, दुधाच्या ग्लासात ८, एक वाटी मटकीच्या उसळीत ७ च्या आसपास, मूठभर फुटाण्यात ५, वीस झाले. यात कुठेही पावडरचा डबा आला नाही.

आता तुमच्या यादीतला तो दोन किलो डिंक. एवढा डिंक आणलात तर वर्षभर पुरून उरेल. मी घरी करते ते प्रमाण देते, १०० ग्रॅम डिंक, पाव किलो खारीक पूड, पाव किलो सुकं खोबरं, ३०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम खसखस आणि थोडं जायफळ. यात मध्यम आकाराचे ३० लाडू होतात, म्हणजे रोज एक धरला तर एक महिना. डिंक या सगळ्यात फक्त शंभर ग्रॅम! खरी ताकद तूप, खोबरं, खारीक, बदामाची आहे, डिंक त्यांना कुरकुरीतपणा देतो आणि लाडू हलका करतो. पावसाळा असेल किंवा घर दमट असेल तर अर्धंच प्रमाण करा, १५ लाडू, कारण खोबऱ्याला आणि तुपाला खवट वास लागला की तिला तो लाडू बघूनच नको होतो.

डिंक घेताना एक गडबड हल्ली खूप होते, मुद्दाम सांगते. ऑनलाइन "गोंद" टाइप केलं की दोन वस्तू येतात, एक खायचा डिंक (बाभळीचा किंवा धावड्याचा) आणि दुसरा गोंद कतीरा, ते उन्हाळ्यात सरबतात घालतात ते. दिसायला दोन्ही खडेच. पण डिंक तुपात टाकला की पॉपकॉर्नसारखा फुलतो, कतीरा तुपात फुलत नाही, तो पाण्यात टाकला की जेलीसारखा फुगतो. गेल्या महिन्यात एका भाच्याने व्हिडिओ कॉल केला, कढईत तूप, त्यात खडे, आणि म्हणाला मावशी हे फुलतच नाहीये, दहा मिनिटं झाली. पाकीट दाखव म्हटलं, तर कतीरा. अर्धा किलो आणला होता. तर आधी ५० ग्रॅम आणा, दोन खडे चमचाभर गरम तुपात टाकून बघा, पाव इंचाएवढे बारीक करून टाका, मोठा खडा वरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, तो दाताला चिकटतो आणि पोटालाही त्रास देतो. डिंकच असून फुलत नसेल तर तो सर्दळलाय, ताटात पसरून दोन दिवस कडक ऊन दाखवा. रंग हलका सोनेरी, आरपार दिसणारा, सालीचे तुकडे आणि माती कमी असलेला घ्या. तळताना एका वेळी थोडाच टाका आणि गॅस मध्यम ठेवा.

खारकेची तयार पूड शक्यतो घेऊ नका, तिच्यात काय काय दळलंय ते कळत नाही, अख्खी खारीक घ्या, फोडून बी काढून आत बघा कारण किडे आतच असतात, मग दिवसभर उन्हात वाळवून मिक्सरला लावा. खोबऱ्याच्या वाटीचा एक तुकडा दुकानातच चावून बघा, जिभेवर साबणासारखी चव आली तर परत ठेवा. हे सगळं तुम्हाला एकट्याला जमेल का, जमेल, एका रविवारी तीन तास लागतात. नाही जमलं तर गल्लीत घरगुती लाडू करून देणाऱ्या काकू असतात, त्यांना सामान नेऊन द्या आणि करणावळ द्या, म्हणजे आत काय गेलंय ते तुम्हाला माहीत असतं.

मावशींनी सांगितलेल्या बॉक्सबद्दल. विकत घ्यायचाच असेल तर पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव साखर किंवा मैदा असेल आणि डिंक, बदाम, अळीव शेवटाकडे असतील तर तुम्ही साखरेचे लाडू बदामाच्या भावात घेताय. वनस्पती तूप लिहिलं असेल तर सरळ खाली ठेवा. शतावरी कल्पाचंही तेच, बऱ्याच कल्पांमध्ये दाणे बनवायला साखरच मुख्य असते, शतावरी चमच्यात थोडीशी. पावडरच्या डब्यावर एका सर्व्हिंगमध्ये प्रोटीन किती लिहिलंय ते बघा आणि शेजारी दुधाच्या ग्लासातले ८ ग्रॅम ठेवा, किंमत पण शेजारी ठेवा, निर्णय आपोआप होईल. तिला शतावरीची चव आवडत असेल, आईची आठवण म्हणून घ्यायची असेल तर एक छोटी बाटली आणा, दुधात घालून घेऊ दे, पण तिच्यावर दूध अवलंबून आहे असं घरात कोणी बोलू नका. हे मी खूप मनापासून सांगतेय, एखाद्या दिवशी कल्प घ्यायचा राहिला आणि बाळ रडलं की बाई स्वतःलाच दोष देत बसते.

एक विचारायचं राहिलं, गरोदरपणात तिला शुगर निघाली होती का? निघाली असेल तर लाडू आणि गुळाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि मेथीदाण्याने शुगर खाली येऊ शकते त्यामुळे गोळ्या चालू असतील तर मेथीचे लाडू पण त्यांना सांगून.

आता ९.२. हे मला डिंकापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं आणि यादीत त्याच्यासाठी फक्त अळीव आहेत. अळीव चांगले आहेत, त्यात लोह आहे, पण चमचाभर अळीवाने ९.२ चे ११ होणार नाहीत. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी (६० मिलिग्रॅम लोह) घ्यायची हे सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे, आशाताईंकडे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिचं एवढं कमी असल्यामुळे डोस वेगळा लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारा आणि महिन्याने परत रक्त तपासायचं का तेही विचारून ठेवा. डिस्चार्जच्या वेळी दिलेली गोळी "पोट साफ होत नाही" म्हणून बंद केलीये का ते आजच बघा, बऱ्याच घरात ती फ्रीजवर पडलेली असते.

गोळी कशाबरोबर घेते यावर खरेदी ठरते. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांच्यासोबत जास्त शोषलं जातं. म्हणजे लोहाची गोळी सकाळी लिंबू सरबतासोबत, कॅल्शियम जेवणानंतर दुपारी आणि रात्री, मध्ये निदान दोन तास, आणि चहा जेवणाला चिकटून नाही, तासभर तरी थांबून. दिवसातून दोन कप चहा चालतो, तो तोडू नका बिचारीचा. म्हणून यादीत डझनभर लिंबं, आठवड्याला अर्धा किलो पेरू किंवा संत्री आणि आवळ्याचा सीझन असेल तर आवळे लिहा. आणि कोणी म्हणालं आंबट खाल्लं की टाके पिकतात किंवा बाळाला सर्दी होते, तर हसून मान डोलवा आणि लिंबू पिळा. जखम भरायला क जीवनसत्त्व लागतंच.

अळीव एक किलो नको, १०० ग्रॅम आणा. लालसर तपकिरी, तिळापेक्षा बारीक दाणे असतात, काळे दिसले तर ते सब्जा असेल. वास आणि खडे बघून घ्या, चाळून निवडून ठेवा. भिजवले की इतके फुगतात की दोन चमचे अळिवाला पाऊण वाटी तरी पाणी लागतं, म्हणून कोरडे कधी खायला देऊ नका. आपल्याकडे बऱ्याच जणी अळिवाची दुधातली खीर देतात, खीर छान, पौष्टिक, पण लोहासाठी म्हणून देत असाल तर दुधाऐवजी नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवून ओला नारळ आणि गूळ घालून लाडू करा आणि खाताना सोबत पेरूची फोड द्या. ओल्या नारळाचे हे लाडू फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच टिकतात, एका वेळी आठ-दहाच करा.

यानंतर अशा दोन गोष्टी ज्या लाडवांच्या गप्पांमध्ये कोणी बोलत नाही आणि ज्या थेट बाळापर्यंत पोचतात. कॅलरी कमी पडल्या तर आईचं शरीर भरपाई करतं, पण बी-१२ आणि आयोडीन आईत कमी असलं तर दुधातही कमी उतरतं.

तुम्ही अंडंही खात नाही, म्हणजे बी-१२ साठी फक्त दूध, दही, ताक, पनीर. ते ती रोज किती घेते ते बघा, चहातलं दूध धरू नका. रोज दोन ग्लास दूध आणि एक मोठी वाटी दही एवढं तरी जायला हवं, म्हणजे घरात चहा धरून एक लिटर दूध लागेल, तेवढं लावा. आणि तरीसुद्धा डॉक्टरांना स्पष्ट विचारा की बी-१२ ची तपासणी करायची का, गोळी द्यायची का, कारण आपल्याकडे शाकाहारी बायकांमध्ये ही कमतरता खूप दिसते. आईला फक्त थकवा आणि मुंग्या येतात पण फक्त अंगावर पिणारं बाळ चार-सहा महिन्यांनी मलूल होतं, वजन थांबतं, हसायला मान धरायला लागलेलं ते मागे जातं, हात थरथरतात. वेळेत कळलं तर उपचार सोपा आहे आणि आधीच गोळी चालू असली तर ही वेळच येत नाही. सगळ्या यादीत मी सगळ्यात जास्त आग्रह याचाच धरते.

आयोडीन म्हणजे मीठ. बाळंतिणीला सैंधव द्यायचं म्हणून घरातलं नेहमीचं मीठ बंद होतं आणि साध्या सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतंच. तर स्वयंपाकात पाकिटावर "आयोडीनयुक्त" लिहिलेलं साधं मीठ, झाकणाच्या डब्यात, आणि सैंधव हवंच असेल तर ताकात किंवा बाळंतशोपात चिमूटभर. सासूबाईंना वाईट वाटायला नको म्हणून दोन्ही डबे ओट्यावर राहू देत.

बाळंतशोपा मात्र आणा, तो यादीत कसा नाही याचंच आश्चर्य वाटलं. बाळंतशोपा, बडीशेप, ओवा, तीळ, सुकं खोबरं भाजून डबीत भरून पलंगाशेजारी ठेवा, जेवण झाल्यावर तिला तोंडाला चव येते आणि जड वाटत नाही, शिवाय तीळ-खोबरं पोटात जातं.

भाज्या फक्त दुधी आणि मेथी हे काही बरोबर नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला सव्वा महिना वरण-भात-तूप आणि दुधी एवढंच दिलं, वांगं वातूळ, बटाटा जड, कडधान्याने बाळाला गॅस, केळ्याने सर्दी, दह्याने कफ, असं करत करत ताट रिकामं झालं. दुसऱ्या आठवड्यात संडासला जायची इतकी भीती बसली की मी जेवणच कमी केलं. तुमच्या बायकोला सिझर झालंय, लोहाची गोळी चालू आहे, दोन्हीने बद्धकोष्ठता होते, तिला पालेभाजी, फळं, कोंड्यासकट धान्य आणि पाणी सगळं हवंय.

गॅसचं साधं आहे. कडधान्यातला चोथा तिच्या मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथे त्याचा गॅस होतो, तो गॅस आतड्यातून रक्तात आणि रक्तातून दुधात जात नाही. तिला स्वतःला पोट फुगल्यासारखं वाटेल एवढंच, त्यासाठी मोड आणलेले मूग आणि मटकी घ्या, हिंग-जिरं घाला, राजमा-छोले पहिल्या महिन्यात थोडे थोडे सुरू करा. लसणाचा वगैरे वास दुधात उतरतो पण त्याने बाळाचं बिघडत नाही. अपवाद एक खरा आहे, काही थोड्या बाळांना आईच्या खाण्यातल्या दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असते, शीमध्ये रक्ताच्या रेषा किंवा खूप शेंबूड दिसतो, वजन वाढत नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञ सांगतील तसं दूध बंद करायचं. तुमच्या बाळाचं वजन वाढतंय, शी पिवळी असेल, तर तिचं ताट कापायचं काहीच कारण नाही.

आता आठवड्याची खरेदी कशी दिसेल ते सांगते, तुम्ही दोघंच मोठे आहात हे धरून पण फक्त तिच्या वाटचं. ज्वारीचं पीठ एक किलो आणि नाचणीचं पीठ अर्धा किलो. नाचणीचं गाळलेलं सत्त्व नको, त्यात कोंडा जातो, पिठाची भाकरीच करा, एका भाकरीत साधारण दीडशे मिली दुधाइतकं कॅल्शियम असतं. मूगडाळ आणि तूरडाळ मिळून अर्धा किलो, मूग-मटकी पाव-पाव किलो, मोड आणायला बुधवारी आणि शनिवारी रात्री भिजत टाका. शेंगदाणे आणि फुटाणे पाव-पाव किलो. भाज्यांमध्ये दोन पालेभाज्या (मेथी, शेपू, लाल माठ, पालक, जी ताजी असेल ती), दोन फळभाज्या, गाजर-बीट-टोमॅटो. केळी डझन. तूप २०० ग्रॅम आठवड्याला पुरतं, म्हणजे रोज पाच-सहा चमचे, त्यातला लाडवात गेलेला वजा करा. ओंजळभर तूप ओतून फायदा नाही, त्याने भूक मरते आणि मग भाजी-उसळ ताटात तशीच राहते, ते मला जास्त वाईट वाटतं.

पण एवढं आणूनही ती उपाशी राहू शकते, हे नीट ऐका. तुम्ही ऑफिसला, ती घरात एकटी, बाळ अंगावर, एक हात अडकलेला, फ्रीजमध्ये भाजी आहे पण गरम कोण करणार. म्हणून एका हाताने खाता येईल असं काहीतरी रोज तिच्या उशाशी हवं. दशम्या हे यासाठीच केलेलं पदार्थ आहे, दुधात गूळ विरघळवून त्यात कणीक भिजवायची, दोन दिवस मऊ राहतात. थालीपीठाची भाजणी आणून ठेवा, रात्रीच दोन लावून डब्यात भरा. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, सोललेलं संत्रं, भाजलेले शेंगदाणे गुळाच्या खड्याबरोबर. रात्री तीन वाजताच्या पाजण्याला खूप भूक लागते, तेव्हाचा डिंकाचा लाडू आणि थर्मासमधलं कोमट दूध झोपायच्या आधी तुम्ही भरून ठेवा. पाण्याची बाटली तिथेच, प्रत्येक वेळी पाजायला बसली की हाताशी पाणी हवं. तहान लागेल तितकं प्यायचं, बळजबरीने लिटर मोजायची गरज नाही पण पाणी कमी दिल्याने पोट आत जातं हे खरं नाही.

आणि बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांना मोकळेपणाने सांगा. मिठाईचा बॉक्स आणि दुपटी सहा-सहा येतात, त्यापेक्षा "येताना डबाभर ठेपले आणा" किंवा "एक वेळची उसळ-भाकरी आणा" म्हणा, आपली माणसं आहेत, कोणालाच वाईट वाटत नाही उलट बरं वाटतं. मावशींना तर मी सांगितलं म्हणून सांगा, पावडरच्या पैशात पाव किलो बदाम आणि एक नारळाची पिशवी आणू द्या. फक्त मधाची बाटली कोणी आणली तर ती तुमच्या दोघांसाठी, बाळाच्या जिभेला वर्षभर मध लावायचा नाही, त्यात असे जिवाणू असू शकतात जे एवढ्या लहान आतड्यात वाढून विष बनवतात.

सहाव्या आठवड्यात लसीला जाल तेव्हा बाळाचं वजन परत लिहून आणा, आणि त्याच दिवशी तिचंही हिमोग्लोबिन करून घ्या, लॅब तिथेच असते. मधल्या काळात तिला चक्कर, धाप, छातीत धडधड, किंवा रक्तस्राव एकदम वाढला असं झालं तर त्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बाळाची शू सहाच्या खाली आली किंवा ते पिताना लगेच दमून झोपायला लागलं तरी तसंच. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला परत लिहा, दुसऱ्या महिन्याची यादी त्यावरून करू.